कॅबिनेट उघडल्याची नोंद: बायोसमधली सेटिंग कोणत्या क्रमाने लावायची आणि अडलेलं मशीन कसं सोडवायचं

रॅम वाढवायला कॅबिनेट उघडलं, झाकण परत लावलं, मशीन सुरू केलं आणि स्क्रीनवर झाकण उघडल्याचा इशारा आला. अशा वेळी बहुतेक जण बायोसमध्ये जातात, Chassis Intrusion नावाची ओळ शोधतात आणि ती Disabled करून मोकळे होतात. इशारा जातो, पण त्याबरोबर सोयही जाते. दुसऱ्या बाजूला, ज्यांना ही सोय हवी असते ते आधी बायोसमध्ये Enabled करतात आणि कॅबिनेटला मुळात स्विच आहे का हे नंतर बघतात. दोन्हीकडे चूक क्रमाची आहे. तो क्रम इथे टप्प्याटप्प्याने देतो. मशीन आत्ताच अडलेलं असेल तर 'आधी एवढं लक्षात घ्या' हा भाग वाचा आणि थेट टप्पा ६ वर जा.

## आधी एवढं लक्षात घ्या: स्थिती वेगळी, खूण वेगळी

कॅबिनेटच्या कडेला एक छोटा स्विच असतो. झाकण लागलं की तो दाबला जातो, झाकण निघालं की सुटतो. त्याच्या दोन तारा मदरबोर्डवरच्या एका हेडरला, म्हणजे उभ्या पिनांच्या छोट्या गटाला जातात आणि तिथून सिग्नल तापमान व पंख्यांचा वेग मोजणाऱ्या चिपपर्यंत पोहोचतो. झाकण उघडलं की ही चिप स्वतःत एक खूण लावून ठेवते. ती टिकते बोर्डवरच्या बटन सेलच्या जोरावर. म्हणूनच मशीन बंद असताना, अगदी प्लग काढलेला असतानाही झाकण उघडलं तरी खूण लागते.

म्हणजे गोष्टी दोन आहेत. एक, स्विच आत्ता दाबलेला आहे की सुटलेला, ही त्याची स्थिती. दोन, मधल्या काळात तो कधीतरी सुटला होता का, ही खूण. झाकण परत लावलं की स्थिती सुधारते, खूण तशीच राहते. ती मुद्दाम पुसावी लागते. आणि स्थिती बिघडलेली असताना खूण पुसली, तर ती लगेच पुन्हा लागते. पुढचा सगळा क्रम या एका गोष्टीवरून ठरतो: आधी स्थिती नीट करायची, मग खूण पुसायची.

## टप्पा १: तयारी

पहिल्यांदा बायोसच्या सध्याच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सगळी पानं नको असतील तर निदान बूटचा क्रम, साटा किंवा स्टोरेजचा मोड आणि सिक्युरिटीचं पान तरी घ्या. बायोसच्या सेटिंग जिथे साठतात तो सीएमओएस पुढे पुसायची वेळ आली तर या सेटिंग मूळपदावर जातात. स्टोरेजचा मोड रेडवरून एएचसीआयवर गेला किंवा उलट झालं, तर विंडोज सुरूच होत नाही, आणि मग माणूस झाकणाचा प्रश्न सोडून भलतीकडेच शोधत बसतो.

दुसरं काम डिस्कच्या कुलपाचं. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा, आणि ती त्याच मशीनमध्ये ठेवू नका. नुसतं झाकण उघडल्यामुळे बिटलॉकर की मागत नाही. पण बायोसच्या सेटिंग बदलल्या, सीएमओएस पुसला किंवा बिटलॉकरची किल्ली जपणारी टीपीएम ही चिप रिकामी झाली तर मागू शकतो. बिटलॉकर चालू आहे का आणि की कोणती, हे प्रशासकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये असं बघता येतं:

```
manage-bde -status C:
manage-bde -protectors -get C:
```

कामापुरतं बिटलॉकरचं संरक्षण थांबवायचं असेल तर पहिली कमांड द्या, आणि सगळं आटोपल्यावर आठवणीने दुसरी:

```
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 0
manage-bde -protectors -enable C:
```

शेवटी हत्यारं: स्क्रूड्रायव्हर, छोटा टॉर्च आणि सलग जोड आहे का हे बीप करून सांगणारा मल्टिमीटर. मल्टिमीटर नसला तरी काम होतं, पण अंदाजाने होतं. या कामातल्या निम्म्या चुका त्या अंदाजातूनच येतात.

थांबा आणि तपासा: रिकव्हरी कीचा कागद किंवा फोटो डोळ्यांसमोर आहे का? बायोसचा ॲडमिन पासवर्ड आधीपासून लावलेला असेल तर तो तुम्हाला माहीत आहे का? यातल्या एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर कॅबिनेट उघडू नका.

## टप्पा २: स्विच कुठे आहे आणि कोणत्या जातीचा आहे

मशीन बंद करा, प्लग काढा आणि पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. मग झाकण काढा. स्विच सहसा उघडणाऱ्या झाकणाच्या काठाशी, चौकटीच्या आतल्या बाजूला असतो: बोटाने दाबला जाणारा छोटा दांडा किंवा पातळ पत्र्याची पट्टी. ऑफिसमधल्या ब्रँडेड मशीनमध्ये तो बहुधा बसवूनच येतो. सुट्या भागांतून जोडलेल्या मशीनमध्ये मात्र हेडर असतो आणि स्विच नसतो, हे नेहमी दिसतं. स्विचच नसेल तर इथेच थांबा आणि बायोसमध्ये ही सोय चालू करू नका.

आता जातीचा प्रश्न. झाकण लागलेलं असताना, म्हणजे दांडा दाबलेला असताना, काही स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडलेल्या राहतात. काहींच्या त्याच वेळी तुटलेल्या राहतात. दोन्ही प्रकार बाजारात आहेत. आणि बोर्डही दोन प्रकारचे आहेत:

- असूसच्या अनेक बोर्डांवर सिग्नल आणि ग्राउंड या पिना जोडलेल्या असणं म्हणजे 'सगळं ठीक'. म्हणून कारखान्यातूनच त्या दोन पिनांवर एक छोटी जंपर टोपी बसवून येते. जोड तुटला की झाकण उघडलं असं धरलं जातं.
- एमएसआयच्या बोर्डांवर जेसीआय१ नावाच्या दोन पिना मोकळ्या असणं म्हणजे 'सगळं ठीक'. त्या जोडल्या गेल्या की झाकण उघडलं असं धरलं जातं.

एकच स्विच पहिल्या बोर्डावर बरोबर चालेल आणि दुसऱ्यावर नेमका उलटा वागेल: झाकण लागलेलं असताना ओरडेल, उघडं असताना गप्प बसेल. म्हणून आपल्या बोर्डाच्या पुस्तिकेत या हेडरचं पान काढून 'नॉर्मल' स्थिती कोणती दिली आहे ते वाचा. बोर्डाचं नाव ऐकून ठरवू नका, कारण एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या बोर्डांत फरक असू शकतो.

मग मल्टिमीटर बीपवर ठेवा, त्याची टोकं स्विचच्या कनेक्टरमधल्या दोन तारांना लावा आणि दांडा बोटाने दाबा. दाबल्यावर बीप वाजला तर हा स्विच पहिल्या प्रकारच्या बोर्डाला चालेल. दाबल्यावर बीप बंद झाला तर दुसऱ्या प्रकारच्या. काही सुट्या मायक्रोस्विचना तीन पाय असतात: कॉम, एनओ आणि एनसी. अशा स्विचवर एक तार एनओवरून एनसीवर हलवली की वागणं उलटं होतं आणि नवा स्विच आणावा लागत नाही.

## टप्पा ३: झाकणाचा दाब खरोखर पोहोचतो का

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. बोटाने दांडा पूर्ण दाबला जातो म्हणून झाकणही तो पूर्ण दाबेल, असं गृहीत धरलं जातं. झाकणाचा पत्रा थोडा वाकलेला असतो, किंवा दांडा पाऊण मिलिमीटर कमी पडतो, आणि मग मशीन हलवलं की खोटी खूण लागते.

कनेक्टर अजून बोर्डाला लावू नका. मल्टिमीटरची टोकं त्यात तशीच अडकवून तारा मागच्या मोकळ्या फटीतून बाहेर काढा आणि झाकण लावून सगळे स्क्रू घट्ट करा. आता स्विच असलेल्या जागी झाकणावर तळव्याने हलके दाबा, सोडा, कडेला टिचकी मारा. बीप जसा असायला हवा तसाच राहिला पाहिजे. मधेच एकदा जरी तुटला तरी ही जोडणी भरवशाची नाही. पट्टीचा स्विच असेल तर पट्टी किंचित बाहेर वाकवा. दांड्याचा असेल तर झाकणाच्या आतल्या बाजूला, दांडा टेकतो तिथे, प्लास्टिकचा पातळ तुकडा चिकटवा.

सावधान: स्विच फक्त एकाच झाकणावर लक्ष ठेवतो. दुसऱ्या बाजूचं झाकण किंवा समोरचं पॅनल काढलं तर त्याला काहीच कळत नाही.

## टप्पा ४: बोर्डाला जोडणी

प्लग काढलेलाच आहे याची पुन्हा खात्री करा. दोन पिनांचा हेडर असेल आणि स्विच साधा असेल तर कनेक्टर कोणत्याही बाजूने लावला तरी चालतो. जपायचं आहे ते चार पिनांच्या जागेच्या हेडरला, ज्यातली एक पिन गाळलेली असते. उरलेल्या तीनपैकी एकीवर पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा असतो, एक सिग्नलची आणि एक ग्राउंडची. साध्या स्विचच्या दोन तारा फक्त सिग्नल आणि ग्राउंड यांनाच लावायच्या. पाच व्होल्टची पिन ग्राउंडला जोडली गेली तर बोर्ड जायबंदी होऊ शकतो, तेही मशीन 'बंद' दिसत असताना, कारण प्लग लावलेला असेपर्यंत स्टँडबायचा पुरवठा चालूच असतो.

अशा हेडरवरची जंपर टोपी काढली की ती टाकून देऊ नका. ती एका छोट्या पिशवीत घालून कॅबिनेटच्या आत चिकटवून ठेवा. स्विच कधी काढावा लागला तर हीच टोपी मशीन सुरू करून देते.

## टप्पा ५: बायोसमधला क्रम

झाकण लावा, स्क्रू घट्ट करा, प्लग लावा. आता बायोसमध्ये जा. पहिल्या सुरुवातीला इशारा येऊ शकतो; घाबरू नका, ती कामाच्या वेळची जुनी खूण आहे.

५.१ आधी खूण पुसा. झाकण लागलेलं असतानाच. एमएसआयच्या बोर्डांवर Settings, मग Security, मग Chassis Intrusion Configuration इथे Chassis Intrusion ही ओळ असते. तिथे Reset निवडून F10 ने जतन करायचं. डेलच्या ऑफिस मशीनवर खूण पुसण्यासाठी Clear Intrusion Warning अशी वेगळी नोंद दिसते.

गिगाबाइटच्या अनेक बोर्डांवर एक जागा फसवते. तिथे Case Open या ओळीत Yes किंवा No एवढंच दिसतं आणि वर Reset Case Open Status अशी ओळ असते. तिच्यासमोर Enabled निवडणं म्हणजे राखण चालू करणं नव्हे, जुनी खूण पुसणं. पुढच्या सुरुवातीला Case Open समोर No दिसतं. 'सुरक्षेची सोय चालू करतोय' असं समजून लोक इथे Enabled करतात आणि पुरावा स्वतःच्या हाताने पुसून टाकतात.

५.२ मशीन एकदा पूर्ण सुरू होऊ द्या. इशारा पुन्हा आला तर पुढे जाऊ नका. खूण लगेच परत लागली याचा अर्थ स्थितीच चुकीची आहे: स्विच उलट्या जातीचा आहे, दाब पोहोचत नाही किंवा कनेक्टर सैल आहे. टप्पा २ आणि ३ वर परत जा.

५.३ मग राखण चालू करा. मशीनने किती कडक वागायचं हे इथे ठरतं. पर्यायांची नावं वेगवेगळी असली तरी पातळ्या साधारण तीन आहेत.

सगळ्यात सौम्य पातळी म्हणजे गुपचूप नोंद. डेलवर तिला On-Silent म्हणतात. खूण लागते, बायोसमध्ये गेल्यावर दिसते, पण सुरुवातीला कुणाला अडवत नाही. दुसरी पातळी इशाऱ्याची. डेलवर Enabled असेल तर Alert! Cover was previously removed. असा मजकूर येतो. एचपीच्या ऑफिस मशीनवर या सोयीचं नाव Cover Removal Sensor आहे आणि तिथला Notify User हा पर्याय याच पातळीचा. तिसरी पातळी पासवर्डची: झाकण उघडल्यानंतर ॲडमिन पासवर्ड दिल्याशिवाय मशीन पुढे जात नाही. एचपीवर याच सेन्सरला तसा पर्याय आहे. थिंकपॅड लॅपटॉपवर Bottom Cover Tamper Detection याच पातळीवर चालतं, आणि सुपरवायजर पासवर्ड लावलेला नसेल तर ते लागूच होत नाही.

एचपीच्या काही नव्या व्यावसायिक मॉडेलवर याही पुढचं एक पाऊल आहे: झाकण उघडलं गेलं तर पुढच्या सुरुवातीला टीपीएम रिकामा करणं. बिटलॉकर असलेल्या मशीनवर हे चालू केलं आणि रिकव्हरी की जवळ नसली, तर धूळ साफ करायला झाकण उघडणारा माणूससुद्धा स्वतःच्या डेटाला मुकतो. किल्ल्यांचा हिशेब नीट ठेवणारं कुणी असेल तरच याला हात लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी निवड विचाराल तर एका माणसाच्या मशीनला दुसरी पातळी पुरे. जिथे दुरुस्तीला येणाऱ्या माणसाकडे पासवर्ड नसतो आणि मालक जागेवर नसतो, तिथे तिसरी पातळी लावून रोजचं काम अडवून घेऊ नका.

५.४ ॲडमिन पासवर्ड लावा. हे राहिलं तर आधीचं सगळं वाया. पासवर्ड नसेल तर झाकण उघडणारा माणूस त्याच बायोसमध्ये जाऊन Reset करतो आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. पासवर्ड बायोसमध्ये शिरण्यासाठी लावायचा. मशीन सुरू करण्याचा पासवर्ड ही वेगळी गोष्ट आहे, तो इथे गरजेचा नाही.

५.५ चाचणी. मशीन बंद करा, प्लग काढा, झाकण काढून पाच सेकंदांनी परत लावा, प्लग लावून सुरू करा. इशारा आला पाहिजे. मग पासवर्ड देऊन बायोसमध्ये जा, खूण पुसा, पुन्हा सुरू करा. आता इशारा येता कामा नये. दोन्ही गोष्टी घडल्या तरच जोडणी पूर्ण. खूण पुसल्यावर राखणीची ओळ अजून Enabled आहे ना, हेही त्याच फेरीत बघून घ्या.

चाचणी प्लग काढूनच घेण्याचं कारण आहे. प्लग लावलेला असताना चिपला स्टँडबायची वीज मिळते आणि सेल मेलेला असला तरी चाचणी पास होते. ज्याला गुपचूप काम उरकायचं आहे तो मात्र आधी प्लगच काढतो.

## मशीन चालू असताना झाकण उघडलं तर

बहुतेक मशीनवर त्या क्षणी काहीही होत नाही. विंडोज चालू राहते, फाइल उघडी राहते, आवाज येत नाही. चिप खूण लावते आणि बायोस ती पुढच्या सुरुवातीला वाचतो. काही व्यावसायिक मॉडेलवर झाकण निघताच मशीन बंद व्हावं अशी वेगळी सेटिंग असते, ती अपवाद समजा. 'मी उघडलं तेव्हा काही झालं नाही, म्हणजे सोय बंद आहे' हा निष्कर्ष म्हणून चुकीचा. महिनाभर फक्त स्लीपवर जाणाऱ्या मशीनवर इशारा महिन्यानंतरच्या पूर्ण सुरुवातीला दिसेल, आणि तेव्हा झाकण नेमकं कधी निघालं हे साध्या बोर्डाला सांगता येत नाही. त्याच्याजवळ फक्त खूण असते, वेळ नसते.

## टप्पा ६: मशीन अडलं तर

एक खरी गोष्ट सांगतो. एका ओळखीच्या माणसाने मशीनमध्ये दुसरी रॅम टाकली. झाकण लावून सुरू केलं तर काळ्या स्क्रीनवर एवढंच:

```
Chassis intruded!
Fatal Error... System Halted.
```

कीबोर्ड चालेना, बायोसमध्ये जाता येईना. 'फेटल एरर' वाचून त्यांनी रॅम दोषी ठरवली. नवी काढली, जुनी दुसऱ्या खाचेत लावली, मग दोन्ही काढून पुसून लावल्या. संध्याकाळी मशीन माझ्याकडे आलं तेव्हा ते नवीन बोर्डाची चौकशी करत होते.

झाकण काढून मी टॉर्च बोर्डाच्या खालच्या काठावर मारला. पंख्याच्या कनेक्टरजवळ तीन उघड्या पिना होत्या. बाकी सगळ्या बोर्डावर धुळीचा पातळ थर, पण त्या पिनांची टोकं लखलखीत. म्हणजे कालपर्यंत त्यांच्यावर काहीतरी बसलेलं होतं. विचारलं तर म्हणाले, "एक काळी टोपी होती. कशाचीच वाटेना, हात लागत होता म्हणून काढून ठेवली." ती स्क्रूच्या वाटीत सापडली. या कॅबिनेटला स्विच नव्हताच. ती टोपीच बोर्डाला 'झाकण लागलंय' असं सांगत होती.

सोडवण्याचा क्रम असा:

1. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा.
2. आधी स्थिती नीट करा: पिना जोडलेल्या असणं म्हणजे 'सगळं ठीक' अशा प्रकारचा बोर्ड असेल तर टोपी सिग्नल आणि ग्राउंड या पिनांवर बसवा. कोणत्या दोन, हे पुस्तिकेतून बघा. पाच व्होल्टच्या पिनेचा धोका टप्पा ४ मध्ये सांगितला आहे.
3. मशीन सुरू करून बघा. काही बोर्ड एवढ्यावर सुटतात.
4. अजून अडत असेल तर जुनी खूण शिल्लक आहे. पुन्हा प्लग काढा आणि पुस्तिकेत दिल्याप्रमाणे सीएमओएस पुसा, किंवा बटन सेल काढून काही मिनिटांनी परत लावा.
5. बायोसमध्ये जा. तारीख-वेळ, स्टोरेजचा मोड आणि बूटचा क्रम फोटोंवरून परत लावा, खुणेची ओळ बघा आणि मग जतन करा.

त्या मशीनला चौथी पायरी लागली. टोपी बसवल्यावरही तोच मजकूर आला, तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी आधी दोनदा सेल काढून पाहिला होता आणि त्याचा उपयोग झाला नव्हता, कारण टोपी तेव्हा वाटीत होती. खूण पुसली जात होती आणि सुरू करताच नव्याने लागत होती. टोपी जागेवर असताना तीच कृती केली आणि मशीन पहिल्या झटक्यात वर आलं. दोन्ही रॅम ठणठणीत होत्या.

सावधान: सेल काढल्याने ॲडमिन पासवर्ड जाईलच असं नाही. ऑफिससाठी बनलेल्या अनेक मशीनमध्ये तो वेगळ्या जागी साठवलेला असतो.

## कुणी उघडलं नसताना इशारा येतो तेव्हा

आधी घड्याळ बघा. झाकणाचा इशारा आणि चुकलेली तारीख एकत्र दिसली तर संशय सेलवर घ्या. सीआर२०३२ हा बटन सेल नवा असताना तीन व्होल्टच्या किंचित वर असतो. मल्टिमीटरवर २.७ च्या आसपास किंवा खाली दिसला तर बदला. खूण याच विजेवर टिकते, त्यामुळे सेल थकला की ती आपोआप लागू शकते किंवा आपोआप जाऊही शकते, आणि दोन्ही वाईटच. सेल बदलल्यावर एकदा इशारा येणं साहजिक आहे. तो पुसा आणि चाचणी पुन्हा घ्या.

घड्याळ बरोबर असेल तर टप्पा ३ मधली टिचकीची तपासणी करा. मशीन नुकतंच जागेवरून हलवलं असेल तर बहुतेक वेळा दोष दाबाचाच निघतो.

## लिनक्सवर आणि सर्व्हरवर

लिनक्समध्ये बायोसमध्ये न जाता खूण वाचता येते, पण त्या चिपचा ड्रायव्हर चालू हवा. नुवोटॉनच्या अनेक चिपसाठी तो nct6775 आहे:

```
sudo modprobe nct6775
grep -H . /sys/class/hwmon/hwmon*/intrusion0_alarm
```

उत्तर 1 आलं तर खूण लागलेली आहे, 0 आलं तर नाही. स्विचच नसलेल्या बोर्डावर इथे कायम 1 दिसू शकतं. त्यावरून कुणी कॅबिनेट उघडलं असं समजू नका. झाकण लावून झाल्यावर खूण अशी पुसतात, त्यातला hwmon चा क्रमांक वरच्या उत्तरातून घ्यायचा:

```
echo 0 | sudo tee /sys/class/hwmon/hwmon2/intrusion0_alarm
```

यातून एक गोष्ट उघड होते. ज्याच्याकडे मशीनवर रूटचे हक्क आहेत, तो बायोसच्या पासवर्डशिवायही खूण पुसू शकतो. म्हणून बायोसचा पासवर्ड लावून रूटचा पासवर्ड सगळ्यांना वाटला असेल तर ही राखण पोकळ आहे.

सर्व्हरवर देखरेखीचा स्वतंत्र छोटा संगणक, म्हणजे बीएमसी, असतो. तो घटना यादीत वेळेसकट लिहितो:

```
sudo ipmitool chassis status
sudo ipmitool sel list
```

पहिल्या कमांडच्या उत्तरात Chassis Intrusion या ओळीसमोर active किंवा inactive दिसतं. दुसरीत जुन्या घटना मिळतात. बीएमसी स्टँडबायच्या विजेवर चालतो, त्यामुळे सर्व्हर बंद असला तरी प्लग लावलेला असेपर्यंत त्याची वेळ भरवशाची. दोन्ही पॉवर केबल काढून मग झाकण उघडलं असेल तर यादीतली वेळ झाकण उघडल्याची धरू नका. तशा वेळी सर्व्हर पोहोचेनासा कधी झाला, हे नेटवर्कच्या नोंदीतून काढा.

## मशीन दुरुस्तीला देताना

खूण पुसलेली आहे याचा फोटो तारखेसह काढा, झाकणाच्या स्क्रूवर रंगाचा एक बारीक ठिपका द्या आणि ॲडमिन पासवर्ड सांगू नका. दुरुस्त करणाऱ्याला तो खरंच लागणार असेल तर तात्पुरता पासवर्ड लावून द्या आणि मशीन परत आल्यावर बदला. परत आल्यावर पहिल्यांदा बायोसमध्ये जा, विंडोजमध्ये नाही. कॅबिनेट उघडलं जाणार हे ठरलेलंच होतं, तेव्हा खूण लागलेलीच दिसायला हवी. ती पुसलेली दिसली, तर कुणीतरी बायोसमध्ये शिरलं, सीएमओएस पुसला किंवा सेल काढला. बायोसमधली तारीख आजचीच आहे का बघा आणि बूटचा क्रम तुमच्या फोटोंशी ताडून बघा. दोन्ही मूळपदावर गेलेले दिसले तर सीएमओएस पुसला गेला आहे. मग दुकानदाराला नेमकं तेच विचारा.